वही कुणाची

चेक परत आला तो मंगळवार होता. माझी बायको जाऊन तेवीस दिवस झाले होते. मी दुकानात एका पंपाचं सील बदलत होतो. मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती. नुसतं म्हणाली, "बाबा, प्रेसवर या. लगेच या."

मी हात पुसले आणि गेलो.

प्रेस म्हणजे छापखाना. औषधांच्या खोक्यांवरची लेबलं, बिलबुकं, पावती पुस्तकं असलं काम तिथे चालायचं. माझ्या बायकोने तिथे एकोणीस वर्षं हिशेब लिहिले. सगळे तिला हिशेबताई म्हणत. नंतर मीही घरात कधी कधी चिडवायला तसंच म्हणायचो, आणि ती म्हणायची, "ताई म्हणताय तर मग राखा मान."

ती आजारी पडली तेव्हा मालकाने मुलीला घेतलं. मुलगी कॉमर्सला होती आणि अकाउंट्समध्ये दोनदा नापास झालेली होती. मालकाला ते माहीत होतं. तो म्हणाला, "हिशेबताईची मुलगी आहे, येईल तिला. अडलं की आईला विचारेल."

मी पोचलो तेव्हा मालक खुर्चीत बसला होता. समोर कागदवाल्याला दिलेला एक लाख चाळीस हजारांचा चेक पडला होता. बँकेने परत पाठवलेला. त्याच्या शेजारी शनिवारची चिठ्ठी.

ही चिठ्ठी ही त्या प्रेसची जुनी रीत. दर शनिवारी माझी बायको कागदाच्या कपट्यावर एकच आकडा लिहून मालकाच्या काचेखाली सरकवायची. बँकेत किती आहेत तो आकडा. मालक बँकेत जात नसे, फोनवर बघत नसे. तो म्हणायचा, "बँक चुकेल, हिशेबताई नाही चुकणार." एकोणीस वर्षं त्याने त्या कपट्यावर सगळं केलं. कागद घेतला, पगार केले, मुलाचं लग्न केलं. आता कपटा मुलगी ठेवायची.

या शनिवारच्या कपट्यावर तीन लाख आठ हजार होते. बँक म्हणत होती त्र्याण्णव हजार.

"दोन लाख पंधरा हजार," मालक मला म्हणाला. "वहीत आहेत, बँकेत नाहीत. गेल्या महिन्यात अशाच चिठ्ठीवर विसंबून मी कटिंग मशीनला दोन लाख आगाऊ दिले. उरलेले पंधरा दिवसांत नाही दिले तर ते दोन लाख बुडतात. आता कागदवाला रोख मागतोय. अकरा माणसांचा पगार आहे."

मुलगी म्हणाली, "काका, माझी तेरीज जुळते आहे. दर महिन्याला जुळली आहे. दोन्ही बाजूंची बेरीज पैशापर्यंत सारखी आहे."

"मग पैसे कुठे आहेत?"

तिने उघडी वही त्याच्याकडे फिरवली.

मशीनवाला दारात उभा होता. तीस वर्षं तिथेच काम केलेला माणूस. बायकोला बघायला तो दवाखान्यात दोनदा आला होता, एकदा फळं घेऊन. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गिऱ्हाईकांचे पैसे वहीत भरल्यासारखे दाखवायचे आणि बँकेत भरायचेच नाहीत, असं होतं म्हणतात कुठे कुठे. दवाखान्याचं बिल काही थोडं नसतं."

"तू मशीन बघ," मालक त्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मी तसं म्हणत नाही, पंपवाले. पण मला शनिवारपर्यंत कळायला हवं. नाही कळलं तर मला बाहेरचा माणूस आणावा लागेल, आणि तो काय म्हणेल ते मला मानावं लागेल."

दवाखान्याचं बिल मी माझं वाइंडिंगचं मशीन विकून भरलं होतं. त्याची पावती घरात आहे. मी ती काढून दाखवणार होतो, पण मला वाटलं, पावती दाखवली म्हणजे मी आरोप ऐकला असं होईल. वह्या आणि बँकेचे कागद पिशवीत घातले. आम्ही घरी आलो.

मी शाळा नववीपर्यंत शिकलो. हिशेबातलं मला जे येतं ते स्वयंपाकघरात कानावर पडलेलं. बायको आजारी पडायच्या आधीपासून संध्याकाळी मुलीला शिकवायची. कणीक मळता मळता शिकवायची. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून एखादं बेअरिंग साफ करत असायचो.

मुलीने गाइडमधले नियम पाठ केले होते. नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट. घडाघडा म्हणायची. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. येणारे ते नावे, जाणारे ते जमा. खर्च नावे, उत्पन्न जमा. झोपेतही म्हणाली असती. पण प्रश्न बदलला की तिला कुठला नियम कुठे लावायचा ते कळायचं नाही.

बायको म्हणायची, "नियम ठेव बाजूला. काय झालं ते सांग."

एकदा तिने विचारलं, "मालकाने घरून आपली खुर्ची आणून प्रेसमध्ये ठेवली. सांग, काय झालं?"

"खुर्ची म्हणजे वास्तव खातं. येणारे ते..."

"खातं नंतर. आधी डोळ्यांनी बघ. प्रेसकडे काय झालं?"

"खुर्ची आली."

"फुकट आली?"

"हो. पैसे कुठे दिले?"

"प्रेस वेगळी, मालक वेगळा. प्रेसकडे खुर्ची वाढली, आणि प्रेस मालकाची तेवढी जास्त देणेदार झाली. दोन गोष्टी झाल्या. त्या दोन लिही. एवढंच असतं गं नोंदीत."

मी म्हणालो, "मग मालकाने खुर्ची परत मागितली तर सगळ्यांनी उभ्याने छापायचं का?"

"तुम्ही तुमचे पंप बघा," ती म्हणाली. पण मुलगी हसली आणि म्हणाली, "तेव्हा खुर्ची कमी आणि देणंही कमी." बायकोने कणकेचा हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला. पोरगी ओरडली, "आई, केस!"

मला ते पटायचं. पंपाचं तसंच असतं. पाणी कुठून तरी येतं, कुठे तरी जातं. मधे वाढलं असेल तर टाकी सांगते. गिऱ्हाईक मला आगाऊ पैसे देतं तेव्हा खिसा भरतो, पण पंप अजून माझ्याकडे आहे. ते पैसे माझे झालेले नसतात, मी त्याचा देणेकरी झालेलो असतो. सुरुवातीला मला हे कळत नव्हतं. आगाऊच्या पैशांनी दुकानाला रंग दिला आणि गिऱ्हाइकाचा पंप बसवायला पैसे उरले नाहीत. त्या वेळी नुकतं लग्न झालेलं होतं. बायकोने तेव्हाच मला समजावलं होतं, त्या रंगाच्या वासात बसून.

पण मुलगी तिच्याकडून अर्धंच घ्यायची. म्हणायची, "आई, परीक्षेत कारण विचारत नाहीत. नोंद विचारतात. तुझ्या पद्धतीने एका नोंदीला दहा मिनिटं लागतात. नियमाने एक."

"एका मिनिटात चुकायला काय लागतं?" बायको म्हणायची.

मंगळवारी रात्री आम्ही काहीच केलं नाही. बुधवारी सकाळी मुलगी वह्या घेऊन टेबलाशी बसली. मी दुकान उघडलं नाही.

तिची पद्धत अशी. बँकेच्या उताऱ्यातली एक ओळ घ्यायची, तोच आकडा आपल्या खतावणीत बँकेच्या पानावर शोधायचा, सापडला की दोन्हीकडे पेन्सिलीने टिक करायची. हे तिच्या आईचंच काम. आई दर महिन्याच्या एक तारखेला करायची. मुलीनेही पाच महिने केलं होतं. टिका आधीच होत्या. तिने त्या खोडून पुन्हा केल्या.

दुपारपर्यंत सगळ्या ओळींना टिका झाल्या. एकही आकडा उरला नाही. बँकेत जे होतं ते वहीत होतं, वहीत जे होतं ते बँकेत होतं. तरी शिल्लक दोन लाख पंधरा हजारांनी वेगळी.

"उताऱ्यातली शिल्लक कमी आहे हे तुला आधी दिसलं नाही?" मी विचारलं.

"दिसलं होतं. मला वाटलं गिऱ्हाईकांचे चेक भरलेत, ते अजून वटायचे असतील. ते वटले की जुळेल. आणि तेरीज जुळत होती ना, बाबा! तेरीज जुळली म्हणजे बरोबर, असंच आहे पुस्तकात."

"तू आईला नाही विचारलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच म्हणालात ना, आईला आता हिशेबाचं काही विचारायचं नाही म्हणून."

मी तसं म्हणालो होतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

गुरुवारी ती अंथरुणातून उठलीच नाही. मी जेवण केलं, ताट ठेवलं, ती म्हणाली नको. मग म्हणाली, "बाबा, त्यांना वाटतं मी घेतले."

"तू नाही घेतलेस."

"ते मला माहितीये. पण कुठे गेले ते मला माहीत नाही, म्हणजे मग काय फरक आहे?"

मी वह्या माझ्याकडे ओढल्या. मला वाचता येत होतं, अर्थ लागत नव्हता. मी बँकेचा उतारा डाव्या हाताला ठेवला, खतावणीचं पान उजव्या हाताला. दोन्हीकडे दोन रकाने. नावे आणि जमा. मी एका टिकेवर बोट ठेवून दुसऱ्या टिकेकडे नेऊ लागलो. जसं पाइपावर हात फिरवत मी गळती शोधतो तसं. दुसरं काही मला येत नाही.

गिऱ्हाइकाचा चेक भरला. बँकेच्या कागदात तो जमाच्या रकान्यात, आपल्या वहीत नावेच्या. बोट तिरकं गेलं. शाईवाल्याला पैसे दिले. बँकेच्या कागदात नावे, वहीत जमा. पुन्हा तिरकं. विजेचं बिल, तिरकं. पगार, तिरका. शंभरेक ओळी अशा गेल्या.

मग एक ओळ सरळ गेली. बँकेत नावे, वहीतही नावे. साडेएकवीस हजार.

मी पुढे गेलो. महिन्याने पुन्हा एक सरळ. तेवढेच साडेएकवीस हजार. पाच महिन्यांत पाच सरळ. बाकी सगळ्या तिरक्या.

"ही साडेएकवीस काय आहेत गं?"

ती आतूनच म्हणाली, "नवीन छपाई मशीनच्या कर्जाचा हप्ता. बँक आपोआप कापून घेते."

"ही एवढीच सरळ का जाते?"

"म्हणजे?"

"ये इकडे."

ती आली. मी बोटाने दाखवलं. तिने दोन ओळी बघितल्या, तीन बघितल्या. मग तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी काहीतरी खुळं बोललोय.

"हे बरोबरच आहे बाबा. हप्ता कुणी घेतला? बँकेने. घेणाऱ्याचे खाते नावे. म्हणून बँक नावे. आणि उताऱ्यातही नावेच लिहिलंय, बघा ना. बँकेनेच लिहिलंय. आणि आईने कर्ज मिळालं त्या दिवशी नोंद केली होती तीसुद्धा अशीच आहे." तिने पान उलटलं. बायकोचं बारीक उभं अक्षर होतं. बँक नावे, कर्ज खाते जमा. "मी आईचीच बघून केली."

ती नोंद माझ्या बायकोने लिहिलेली शेवटची. त्यानंतर चार दिवसांनी ती दवाखान्यात गेली. हप्ता सुरू झाला तो पुढच्या महिन्यापासून. हप्त्याची एकही नोंद तिच्या हातची वहीत नव्हती.

मला ते सगळं लगेच समजलं असं नाही. पण मला स्वयंपाकघरातली एक गोष्ट आठवत होती, कारण ती माझ्यावर होती. बायकोने मुलीला सांगितलं होतं, "आधी विचारायचं, वही कुणाची. समज मी यांना शंभर उसने दिले. माझ्या वहीत मी लिहिणार, यांच्याकडून शंभर यायचेत. हे लिहिणार, हिला शंभर द्यायचेत. घटना एकच. वह्या दोन. म्हणून दोन्हीकडे उलटं दिसणार." आणि मी म्हणालो होतो, "आधी शंभर दे तर खरं, मग लिहितो." तिने दिले नव्हते.

मी मुलीला म्हणालो, "हा बँकेचा कागद म्हणजे वही कुणाची?"

तिने उताऱ्यावरच्या बँकेच्या नावाकडे बघितलं.

"बँकेची ना? प्रेसचे पैसे बँकेकडे आहेत म्हणजे बँक प्रेसची देणेदार. प्रेसने भरले की बँकेचं देणं वाढतं, ती जमा लिहिते. काढले की देणं कमी, ती नावे लिहिते. बँक तिचं लिहिणार. तू तिचं कशाला लिहिलंस?"

"पण नियम..."

"नियम ठेव बाजूला," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते तिच्या आईसारखं आलं आणि आम्ही दोघंही जरा थांबलो. "हप्ता गेला. काय झालं ते सांग."

"बँकेने पैसे घेतले."

"प्रेसकडे काय झालं? प्रेसचं बघ."

तिने खतावणीचं पान जवळ ओढलं. मग बोटांवर मोजल्यासारखी एकेक शब्द बोलली. "बँकेतले आपले पैसे कमी झाले."

"आणि?"

"आणि कर्ज कमी झालं. फिटलं ना तेवढं." ती वहीकडे बघत होती. "दोन्ही कमी झाले. कर्ज मिळालं तेव्हा दोन्ही वाढले होते. पैसे वाढले, कर्ज वाढलं. आईची नोंद ती होती. मी..." तिने तोंडावर हात ठेवला. "बाबा, माझ्या वहीत बँक आपल्याला दर महिन्याला नवीन कर्ज देते आहे."

मग तिला पुढचं माझ्याशिवाय दिसत गेलं. तिने कागद ओढला. घेणारी बँक म्हणून तिने लिहिलं होतं, पण घेणारी होती ती कर्ज देणारी बँक, तिचं कर्ज खातं. पैसे गेले ते चालू खात्यातून. बँक एकच, खाती दोन. चुकीची नोंद दोन्ही खात्यांत सारख्याच रकमेने उलटी झाली, म्हणून तेरीज जुळत राहिली. तेरीज एवढंच सांगते की दोन बाजू सारख्या आहेत. कुठली बाजू कुठे हे ती सांगत नाही.

"साडेएकवीस गुणिले पाच, एक लाख साडेसात हजार," ती म्हणाली. "पण फरक दोन लाख पंधरा आहे. बरोबर दुप्पट." ती थांबली. "हो. दुप्पटच पाहिजे. कमी करायचे ते वाढवले. एकदा वाढवलेलं काढायला, एकदा खरं कमी करायला. म्हणजे दुरुस्तीची नोंद, कर्ज खाते नावे, बँक जमा, दोन लाख पंधरा हजार." तिने ती एका जुन्या छापील कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिली. "व्याज किती ते बँक वर्षाअखेर सांगेल, तेव्हा वेगळं काढता येईल. आई तसंच करायची."

तिला नोंद समजली होती. मी तिला पहिल्यांदाच असं बघितलं. गाल लाल झाले होते. आईला हाक मारायला ती अर्धी वळली. मग बसली.

पैसे कुठेही गेलेले नव्हते. ते बँकेकडेच गेले होते, कर्ज फेडायला. कुणी काही घेतलेलं नव्हतं.

आता त्या दवाखान्यातल्या दुपारचं.

बायको जाण्याआधी नऊ दिवस. मुलगी प्रेसवरून सरळ दवाखान्यात आली होती. बायकोला बोलायला त्रास व्हायचा. तरी तिने विचारलं, "हप्ते चालू आहेत ना गं? नोंद कशी करतेस? सांग बघू, काय होतं ते सांग."

मुलीने तोंड उघडलं. मी मध्ये बोललो. "आता हिशेब बंद. तू झोप. आणि तू गं, हिला काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. कळलं?" मुलगी मान हलवून बाहेर गेली. बायकोने डोळे मिटले.

मुलगी गेल्यावर ती मला म्हणाली, "उद्या बँकेची वही घेऊन याल? नुसती एक नजर टाकते. पाच मिनिटं."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी नेली नाही. तिने विचारलं तेव्हा सांगितलं, मालक देत नाहीत. ते खोटं होतं. मी मालकाला विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "बरोबर आहे, वही प्रेसबाहेर कशाला." आणि पुन्हा विचारलं नाही. तिने एक नजर टाकली असती तर तेव्हाच दुरुस्तीच्या दोन ओळी झाल्या असत्या. कटिंग मशीनला पैसे गेले नसते. मला वाटलं मी तिला विश्रांती देतोय.

शनिवारी आम्ही प्रेसवर गेलो. मुलीने मालकाला समजावून सांगितलं. नियम एकही म्हणाली नाही. काय झालं, काय लिहायला हवं होतं, काय लिहिलं गेलं. मालकाने बँकेत फोन लावला, कर्जाच्या हप्त्यांचे किती पैसे जमा झाले ते विचारलं. मुलगी म्हणाली तेवढेच होते, पैशापर्यंत.

मालकाने काचेखालचा कपटा बाहेर काढला. मग म्हणाला, "चोरी नाही. बरं झालं. मी तसं बोलायला नको होतं." त्याने उठून दारात जाऊन मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, पोरीने काही घेतलेलं नाही, हिशेबाची चूक होती. मग परत येऊन बसला. "पण पैसे नाहीतच ना?"

"नाहीत," मुलगी म्हणाली.

"हप्ते तर भरले गेलेच होते. मला वाटत होतं ते भरूनही तीन लाख आहेत."

"हो काका."

"चूक सापडली म्हणून ते येणार नाहीत."

"नाही येणार."

तो तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. बाहेर मशीनवाला हातातला बोळा फेकत म्हणाला, "चोरी असती तर परत तरी मागता आली असती." ते कुणाला उद्देशून नव्हतं.

कागदवाल्याने रोखीशिवाय कागद दिला नाही. कटिंग मशीनचे दोन लाख बुडाले. औषधवाल्यांची लेबलं वेळेवर गेली नाहीत, ते दुसरीकडे गेले. दोन महिन्यांनी हप्ता थकला, मग बँकेने कर्जावरचं छपाई मशीन नेलं. ते उचलायला चार माणसं आली होती. मशीनवाल्याने त्यांना कुठला बोल्ट आधी सोडायचा ते दाखवलं. त्यानंतर प्रेस बंद झाली. अकरा माणसं गेली. मशीनवाला आता एका इमारतीच्या फाटकावर बसतो. मी गेलो की हात करतो. बोलत नाही.

मालकाने शेवटी बोलावलं तेव्हा बायकोचा चष्मा आणि तिची पेन्सिल एका पाकिटात घालून दिली. म्हणाला, "ही तिच्या खणात होती." खतावणीही दिली. बाहेरच्या माणसाने शेवटचे हिशेब बँकेच्या कागदांवरून केले होते, त्याला ती लागली नाही.

मुलीला मी म्हणालो, परीक्षेला बस. आता तुला येतं. तिसऱ्यांदा बस, पास होशील. ती म्हणाली, "येतं म्हणूनच नको." फॉर्मची तारीख गेली. ती कपड्यांच्या दुकानात काउंटरवर बसते. मशीन आपोआप बिल करतं, तिला काही लिहावं लागत नाही. तेच तिला हवं होतं.

एकदा जेवताना ती म्हणाली, "आईला मी त्या दिवशी सांगितलं असतं तर तिने पकडलं असतं. मी तोंड उघडलं होतं. बोलले असते तर?"

मी म्हणालो, "जेव."

मी मधे बोललो हे तिला माहीत आहे, पण ती ते मोजत नाही. आपण बोललो नाही एवढंच मोजते. आणि आईने वही मागितली होती, मी नेली नाही, वर मालकाच्या नावावर खोटं बोललो, हे तिला माहीतच नाही. सांगितलं तर तिच्यावरचं थोडं ओझं कमी होईल. हे मला कळतं. कुणाचं कमी, कुणाचं जास्त, तेवढं आता मलाही कळतं.

खतावणी माझ्या दुकानात फळीवर आहे, गास्केटच्या खोक्यांशेजारी. पेन्सिलीने लिहिलेला तो कागद तिच्यातच घडी करून ठेवला आहे. नोंद बरोबर आहे. ती शाईने वहीत उतरवायची मुलीने, कारण पान तिच्या हातचं आहे. तीनदा मी वही घरी नेली आणि तीनदा परत आणली.

मी तिला अजून सांगितलेलं नाही. कर्ज खाते नावे, बँक जमा, दोन लाख पंधरा हजार, ही नोंद वहीत अजून झालेली नाही.